मण्यारीच्या नावाखाली कवड्या

पाऊस सुरू व्हायच्या आधी आमच्या केंद्रशाळेत आजूबाजूच्या गावांतल्या आणि वाड्यांवरच्या शिक्षकांची एक कार्यशाळा झाली. वर्गासाठी तक्ते, चित्रकार्डं, वाचनपाठ तयार करताना इंटरनेटवर माहिती कशी शोधायची आणि सापडलेली माहिती कशी पारखायची, हा विषय होता. मुख्याध्यापिका म्हणून सुरुवातीला मी बोलले. पालकांनाही ते वाचता यावं म्हणून थोडं आवरून इथे देते आहे.

गुरुजी आणि बाई, मी येताना एक तक्ता आणला आहे. तो मीच बनवला होता. ‘आपल्या परिसरातील विषारी साप’ असं वर मोठ्या अक्षरात आहे, खाली चार चित्रं आहेत: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. तालुक्याला जाऊन रंगीत छापून घेतला, लॅमिनेट केला, तिसरी-चौथीच्या वर्गात लावला. पुढे शाळेत एक सर्पमित्र कार्यक्रमाला आले. ते तक्त्यासमोर थांबले, दुसऱ्या चित्रावर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाले, “बाई, ही मण्यार नाही. हा कवड्या आहे.”

कवड्या बिनविषारी. पाली खायला घरात येतो. मण्यार चावली तर माणूस दगावतो. ती बहुधा रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणातच चावते, आणि बऱ्याचदा ना फारशी सूज येते ना वेदना होतात. पुढे पापण्या मिटू लागतात, श्वास जड होतो, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येतं. ‘कवड्याच असेल’ म्हणून सकाळपर्यंत थांबलेलं घर किती मोठी किंमत मोजतं, हे तुम्हाला सांगायला नको. आणि माझा तक्ता पोरांना ही दोन नावं उलटी शिकवत होता.

त्या रात्री मी शोधायला बसले, हे चित्र माझ्याकडे आलं कुठून? फोनवर ‘मण्यार साप फोटो’ असं लिहिलं होतं, चित्रांच्या पानावर पहिल्या ओळीतलं स्वच्छ, मोठं चित्र उतरवून घेतलं होतं. या वेळी त्या चित्रावर टिचकी मारून मूळ पान उघडलं. ते पान होतं मण्यार आणि कवड्या यांतला फरक समजावणाऱ्या लेखाचं! वर मण्यारीचा फोटो, खाली कवड्याचा. लेख अगदी बरोबर होता. मी तो उघडलाच नव्हता.

हे असं का होतं ते नीट समजून घेऊ. चित्रं शोधून देणारं यंत्र मुख्यतः चित्राभोवतीचे शब्द बघतं: पानाचं शीर्षक, चित्राखालची ओळ, शेजारचा मजकूर. ज्या पानावर ‘मण्यार’ हा शब्द वीस वेळा आला, त्या पानावरचं कुठलंही चित्र ‘मण्यार’ म्हणून पुढे येऊ शकतं. म्हणून चित्रांच्या यादीतून चित्र थेट उचलायचं नाही. पान उघडायचं, चित्राखालची ओळ वाचायची, फोटो कुणी काढला आणि कुठे काढला हे लिहिलंय का ते बघायचं.

दुसरं, शोधायचा शब्द. सापांची नावं दर जिल्ह्याला बदलतात; आपल्याच केंद्रात दोन वाड्यांत एका सापाला दोन नावं आहेत. अशा वेळी शास्त्रीय नाव उपयोगी पडतं. ते पाठ करायची गरज नाही. विकिपीडियावर ‘मण्यार’चं पान उघडलं की बाजूच्या चौकटीत तिरक्या अक्षरांत ते मिळतं. विकिपीडियाचा तेवढाच उपयोग करा, दार उघडण्यापुरता. मग ते नाव अवतरणचिन्हांत घालून शोधा, म्हणजे दोन्ही शब्द जोडीने असलेली पानंच पुढे येतात:

```
"Bungarus caeruleus"
"Lycodon aulicus"
```

पहिली मण्यार, दुसरा कवड्या. मी दोन्ही शोधले आणि फोटो शेजारी शेजारी ठेवले. मण्यार काळीभोर, चकचकीत, निळसर झाक असलेली. अंगावरचे पांढरे पट्टे बारीक, बऱ्याचदा जोडीजोडीने. मानेजवळ ते नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात आणि शेपटीकडे विरतात. एवढं कळल्यावर माझ्या तक्त्यातली चूक मला स्वतःलाच दिसली.

फोटोसाठी मला inaturalist.org बरं वाटलं. तिथे लोक आपण काढलेले प्राण्यांचे, झाडांचे फोटो ठिकाण आणि तारखेसह टाकतात, इतर जाणकार ओळख तपासतात. एकाहून जास्त जणांचं नावावर एकमत झालं की नोंदीवर Research Grade असा शिक्का दिसतो. तिथेही चूक होऊ शकते, पण कुणी ओळखलं आणि कुणाचं मत वेगळं पडलं हे डोळ्यांसमोर असतं. गुगल लेन्सने फोटो दाखवून सापाचं नाव विचारू मात्र नका. ते दिसण्यावरून जुळवतं, आणि हे दोन साप दिसायला जवळचेच आहेत. एखादा फोटो आधी कोणत्या पानावर आला होता हे शोधायला लेन्स वापरा.

आता तक्त्याचा खालचा भाग बघा. ‘साप चावल्यास काय करावे’ या चौकटीत मी लिहिलं होतं: जखमेच्या वर दोरीने घट्ट बांधा, ब्लेडने चीर द्या, रक्त वाहू द्या. हे मी मनाने लिहिलं नव्हतं. मराठीत शोधलं तेव्हा चार-पाच पानांवर हेच होतं, म्हणून मला खात्री वाटली. नंतर मी एक साधी गोष्ट केली, ती आज तुम्हीही करणार आहात. त्यातलं एक अख्खं वाक्य उचललं, अवतरणचिन्हांत घातलं आणि शोधलं. तेच वाक्य, शुद्धलेखनाच्या त्याच चुकीसकट, सगळ्या पानांवर! एकाने लिहिलं, बाकीच्यांनी चिकटवलं. मला वाटलं होतं पाच जण सांगताहेत, होता एकच. कुठल्याही पानावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं, तारीखही नव्हती.

मग उपचारांबद्दल बोलायचा अधिकार कुणाला, हा विचार करून मी शोध तेवढ्याच जागेपुरता मर्यादित केला:

```
site:who.int snakebite first aid
site:gov.in snakebite first aid
```

`site:` नंतर जागा सोडायची नाही. पहिल्या ओळीने जागतिक आरोग्य संघटनेचीच पानं येतात, दुसरीने भारतातल्या सरकारी संस्थांची, कारण `gov.in` हा पत्ता सरकारी संस्थांनाच मिळतो. `.org` बघून मात्र विश्वास टाकू नका. सेवाभावी संस्थांचा पत्ता म्हणून आपण तो ओळखतो, पण पैसे भरून कुणीही घेऊ शकतो.

संघटनेच्या दिल्लीतल्या आग्नेय आशिया कार्यालयाची सर्पदंशावरची मार्गदर्शिका २०१६ सालची आहे. आपल्या आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. चिरू नका, चोखू नका, रक्त थांबेल असं करकचून बांधू नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यावर बांधतो तसा फळीला बांधून हलू देऊ नका, आणि विषावरची लस असलेल्या दवाखान्यात न्या. असं ते आहे. म्हणजे माझ्या चौकटीतल्या तिन्ही ओळी उलट्या होत्या.

इथे आणखी एक अडचण येते, आणि ती कच्च्या पानांची नाही, चांगल्या पानांची आहे. इंग्रजीत शोधलं तर ऑस्ट्रेलियातली अगदी भरवशाची पानं सांगतात की अख्ख्या हाताला किंवा पायाला दाबून पट्टी गुंडाळा. तिथल्या सापांसाठी ते बरोबर आहे. आपल्याकडे घोणस आणि फुरशाच्या दंशाने जागेवर मोठी सूज येते, मांस सडतं. तिथे अशी पट्टी नुकसान करू शकते, म्हणून आपल्याकडे ती सरसकट सांगत नाहीत. तेव्हा पान कुणाचं हे बघितल्यावर ते कुठल्या मुलखासाठी लिहिलंय हेही बघा. पिकांची, पावसाची, झाडांची माहिती शोधतानाही हेच लागू आहे. आणि शेवटी मी सुधारलेली चौकट प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना नेऊन दाखवली. त्यांनी एका शब्दाची दुरुस्ती सुचवली. दहा मिनिटांचं काम होतं.

आकड्यांचं थोडक्यात सांगते. भारतात वर्षाला सर्पदंशाने किती माणसं जातात, तर एका पानावर ४६ हजार, दुसऱ्यावर ५८ हजार. मागोवा घेत गेले तर दोन्ही आकडे खरे निघाले. पहिला २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला, २००५ सालाबद्दलचा अंदाज. दुसरा २०२० सालच्या अभ्यासातला: २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू, त्याची वर्षाची सरासरी. दोन्ही अंदाज घरोघरी जाऊन मृत्यूची चौकशी करणाऱ्या मोठ्या पाहणीवरून बांधलेले. दवाखान्यांच्या नोंदींतले आकडे याहून खूप कमी दिसतात, कारण कितीतरी माणसं दवाखान्यात पोचतच नाहीत. ज्या आकड्याला साल नाही आणि कुणी मोजलं ते नाही, तो फळ्यावर लिहू नका.

नवा तक्ता तयार करताना मी एक बदल केला. मण्यारीच्या पिल्लांचे पट्टे मोठ्यांपेक्षा वेगळे दिसू शकतात, एखाद्या मोठ्या सापावरही ते पुसट असतात. फोटो बरोबर असला तरी नऊ वर्षांच्या पोराने त्यावरून साप ओळखावा अशी अपेक्षा धरणं धोक्याचं आहे. म्हणून आता चित्रांच्या खाली मोठ्या अक्षरात आहे: ‘साप कोणताही असो, लांब थांबा, मोठ्यांना बोलवा. चावला तर १०८.’ आणि अगदी तळाला बारीक अक्षरात: फोटो कुठून घेतला, चौकटीतली माहिती कोणत्या साली कुणी लिहिलेली, मी ती कधी तपासली. चौथीतल्या एका मुलीने ती ओळ वाचून विचारलं, “बाई, पुढच्या वर्षी परत तपासणार?” मी हो म्हटलं आहे.

तुम्हाला प्रत्येकाला आपल्या वर्गातला एक तक्ता आणायला सांगितलं होतं. तो उलगडून टेबलावर ठेवा. त्यातलं एक चित्र निवडा आणि ते मुळात कोणत्या पानावर होतं हे शोधा. नेट इथे हळू चालतं, म्हणून दोघांत एक फोन घ्या. पहिल्या अर्ध्या तासात एवढंच करू.