अप्रेझलचा मेल आणि 38 उशिरा गेलेली बिलं

माझी एक मैत्रीण पुण्यातल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये आहे. पुरवठादारांची बिलं तपासून पेमेंटला लावायची, हे तिचं काम. मार्चमध्ये साहेबांनी वर्षभराच्या कामाचा मेल मागितला, तेव्हा तिने पहिल्या झटक्यात लिहिलं: ‘मी अत्यंत जबाबदारीने व अथक परिश्रमाने पेमेंटची प्रक्रिया सुधारली.’ वाचून तिलाच लाजल्यासारखं झालं.

या वाक्यात फुशारकी वाटते ती ‘अत्यंत’ आणि ‘अथक’मुळे. आपण आपल्यालाच दिलेले मार्क आहेत ते. शिवाय सुधारलं म्हणजे काय, हे साहेबांना कळतच नाही.

मग तिने बिलांचं रजिस्टर काढलं. माल स्वीकारल्याची तारीख आणि पैसे गेल्याची तारीख एक्सेलमध्ये शेजारी मांडून वजाबाकी केली. मोजायला तिने 45 दिवसांची रेघ धरली. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे थकवू नयेत म्हणून 2006 च्या कायद्याने, लेखी करार असला तरी, तेवढीच मुदत दिली आहे. ती चुकली की व्याज लागतं, त्यामुळे हा आकडा साहेबांच्याही डोक्यात असतोच. नवं मेलमधलं वाक्य असं झालं:

‘एप्रिल ते जूनमध्ये लघुउद्योगांच्या 210 बिलांपैकी 38 बिलांचे पैसे 45 दिवसांनंतर गेले. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये 224 पैकी 7. बहुतेक बिलं माल पोचल्याची नोंद न आल्याने अडकत होती. ती नोंद रोज संध्याकाळी मिळावी अशी व्यवस्था मी स्टोअर्सशी बोलून लावली. ती पाळली स्टोअर्सच्या लोकांनी.’

यात एकही विशेषण नाही. आधी किती, नंतर किती, कोणत्या काळात आणि मी नेमकं काय केलं, एवढंच आहे. शेवटच्या अर्ध्या वाक्यात श्रेय वाटलंय. तो निव्वळ विनय नाही बरं का. साहेब स्टोअर्सला फोन करून विचारू शकतात.

‘उशीर 82 टक्क्यांनी घटला’ असं लिहायचा मोह तिला झाला होता. हिशेब बरोबर आहे, पण मूळ आकडे झाकून नुसता टक्का पुढे केला की वाचणाऱ्याला शंका येते. चार तक्रारींच्या दोन झाल्या तरी ‘50 टक्के घट’ म्हणता येतंच की. दोन तिमाहींतली बिलं जवळपास सारखी आहेत हेही दिसायला हवं, नाहीतर काम कमी होतं म्हणून उशीर कमी झाला, असं कुणीही म्हणेल.

आकडा न निघणारी कामंही असतात. नव्या मुलाला तिने काम शिकवलं होतं. तिथे तिने लिहिलं: ‘सप्टेंबरपासून तो महिनाअखेरचा ताळमेळ एकटा लावतो.’

मीटिंगमध्ये साहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘ही 7 का राहिली?’ पाच बिलांत मालाच्या दर्जावरून वाद होता. उरलेली दोन तिच्याच टेबलावर पडून राहिली होती, आणि तेही तिने मेलमध्ये खाली लिहून ठेवलं होतं.