फुगणारे ग्रेडियंट आणि त्यांना घातलेली वेसण

रिकरंट न्यूरल नेटवर्क वाक्य एकदम वाचत नाही. ते एकेक शब्द घेते, आतापर्यंत वाचलेल्याचे सार एका आकड्यांच्या संचात साठवते आणि पुढचा शब्द आला की तो संच बदलते. हा बदल घडवणारे आकडे, म्हणजे वेट, प्रत्येक पायरीला तेच असतात. पन्नास शब्दांच्या वाक्यात एकच वेट पन्नास वेळा वापरले जाते. या नेटवर्कची सारी किमया त्यात आहे आणि सारी अडचणही त्यातच आहे.

ट्रेनिंगमध्ये नेटवर्कचे उत्तर आणि अपेक्षित उत्तर यांतली तफावत मोजतात. तिला लॉस म्हणतात. एखादे वेट किंचित बदलले तर लॉस किती बदलेल, हे ग्रेडियंट सांगतो. तो काढण्यासाठी शेवटच्या शब्दापासून पहिल्या शब्दापर्यंत उलटे यावे लागते आणि प्रत्येक पायरीला आधीच्या हिशेबाला पुन्हा त्याच वेटने गुणावे लागते. गुणक एकापेक्षा थोडा जरी मोठा असला तरी चक्रवाढ व्याजासारखी वाढ होते: १.१ ला स्वतःशीच गुणत पन्नासाव्या घातापर्यंत नेले की सुमारे ११७ होतात, शंभराव्या घाताला १३,७८० च्या घरात. उलट ०.९ चा पन्नासावा घात जेमतेम ०.००५ भरतो. पहिल्या प्रकाराला ग्रेडियंटचा स्फोट म्हणतात, दुसऱ्याला ग्रेडियंट विरून जाणे.

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहण्यासाठी नेटवर्क अगदी सोलून एका आकड्यावर आणता येते. सुरुवातीची स्थिती ०.१, वेट १.१ आणि पायऱ्या ५०. प्रत्येक पायरीला स्थितीला वेटने गुणायचे, बाकी काही नाही. शेवटी ११.७४ हे उत्तर येते. अपेक्षित उत्तर ५ धरले तर चूक ६.७४ ची. लॉस म्हणून चुकीच्या वर्गाचा निम्मा भाग घेतला, तर ग्रेडियंट येतो सुमारे ३,५९६. लर्निंग रेट ०.०१ असेल तर वेटमधून जवळजवळ ३६ वजा होतात आणि १.१ चे वेट थेट उणे ३४.९ वर जाऊन पडते. योग्य वेट होते साधारण १.०८१; म्हणजे सरकायचे होते दोन शतांशांपेक्षाही कमी. पुढच्या फेरीत शेवटची स्थिती एकावर ७६ शून्ये इतकी मोठी होते. नेहमीच्या ३२ बिटांच्या दशांश आकड्यात एकावर ३८ शून्यांच्या आसपासच मर्यादा संपते, त्यामुळे संगणक तिथे `inf` लिहितो आणि त्यानंतरच्या हिशेबात `nan`. दिशा बरोबर होती, उडी अवाढव्य होती.

क्लिपिंग नेमके या उडीवर बंधन घालते. ग्रेडियंटची लांबी ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरली, तर ती मर्यादेइतकी कापायची. कमी असेल तर हात लावायचा नाही. वरच्याच उदाहरणात मर्यादा १ ठेवली की ३,५९६ च्या जागी १ येतो, वेट ०.०१ ने सरकून १.०९ होते आणि उत्तर ७.४४ वर उतरते. पुढच्या फेरीत वेट १.०८, उत्तर ४.६९. इथवर छान चालले. पण आता उत्तर पाचाच्या खाली गेल्याने ग्रेडियंट उलट्या दिशेचा येतो, साधारण उणे ६७. तोही कापला जातो आणि वेट परत १.०९ वर. यापुढे ते १.०८ आणि १.०९ यांच्यात हेलपाटे घालत राहते, कारण सर्वात लहान मिळालेली उडीसुद्धा गरजेपेक्षा मोठी आहे. लर्निंग रेट ०.००१ केला की वेट १.०८१ वर पोहोचते आणि उत्तर ४.९१ येते. क्लिपिंग स्फोट आवरते. लर्निंग रेट निवडण्याचे काम मात्र तसेच उरते.

खऱ्या नेटवर्कमध्ये वेट लाखोंनी असतात आणि ग्रेडियंट म्हणजे तितक्याच आकड्यांची यादी. ती कापण्याच्या दोन पद्धती आहेत. समजा दोनच आकडे आहेत, ३० आणि ४०. वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढले की एकूण लांबी ५० येते. मर्यादा ५ असेल तर दोन्ही आकड्यांना एकाच प्रमाणात, दहाने, भागून ३ आणि ४ मिळतात. दिशा तीच राहते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक आकडा स्वतंत्रपणे पाचावर थांबवतात. मग ५ आणि ५ उरतात आणि दिशा बदलते. टोमास मिकोलोव यांनी भाषेच्या मॉडेलांसाठी ही दुसरी पद्धत वापरली होती, आणि तीही चालते. पण उतार नेमका कुठे आहे हे ग्रेडियंटने सांगितलेच आहे, तर ते विस्कटू नये, म्हणून पहिली पद्धत अधिक रुळली.

या अडचणीचे गणित नवे नाही. योशुआ बेंजिओ, पॅट्रिस सिमार्ड आणि पाओलो फ्रास्कोनी यांनी ते १९९४ साली मांडले होते. २०१३ मध्ये राझ्वान पास्कानू, मिकोलोव आणि बेंजिओ यांनी लांबीने कापण्याची पद्धत मांडली आणि ती का चालते याचे चित्रही दाखवले. लॉसचा पृष्ठभाग बराचसा सपाट असतो, पण मध्येच त्याला उभी भिंत लागते. भिंतीवर घेतलेले एक नेहमीचे पाऊल आतापर्यंतची कमाई उधळून दूर फेकते. कापलेले पाऊल भिंतीच्या पायथ्याजवळच राहते.

मर्यादा किती ठेवावी, याचे एकच उत्तर नाही. या तिघांनी सुचवलेला उपाय साधा आहे: काही काळ ग्रेडियंटच्या लांबीची सरासरी पाहावी, तिच्या निम्म्यापासून दहापटीपर्यंतची मर्यादा बहुधा चालते. २०१४ मध्ये इल्या सुट्स्केवर आणि सहकाऱ्यांनी भाषांतराचे नेटवर्क तयार केले तेव्हा ५ ही मर्यादा ठेवली होती. ते नेटवर्क एलएसटीएम प्रकारचे होते. या प्रकारच्या रचनेत ग्रेडियंट विरण्याचा त्रास बराच कमी होतो, स्फोट मात्र होऊ शकतो. क्लिपिंगचे बरोबर उलट आहे: विरलेल्या ग्रेडियंटला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पायटॉर्चमध्ये हे एका ओळीचे काम आहे:

```
loss.backward()
norm = torch.nn.utils.clip_grad_norm_(
    model.parameters(), max_norm=5.0)
optimizer.step()
```

ओळींचा क्रम महत्त्वाचा. कापणे `step()` च्या नंतर गेले तर प्रोग्रॅम तक्रार न करता चालतो आणि क्लिपिंग मात्र होतच नाही. `norm` मध्ये कापण्यापूर्वीची लांबी मिळते आणि ती नोंदवून ठेवण्यासारखी असते. एरवी दोन-तीनच्या आसपास असलेली लांबी अधूनमधून एकदम शेकड्यात गेली, तर तो स्फोट समजावा. प्रत्येक फेरीत कापले जात असेल तर मर्यादा फार खाली आहे किंवा मुळात दुसरेच काही बिघडले आहे, उदाहरणार्थ सुरुवातीची वेट किंवा डेटा. लांबीच `inf` आली तर मात्र क्लिपिंगची वेळ टळलेली असते: पाचाला अनंताने भागून शून्य येते, शून्याला अनंताने गुणून `nan`, आणि तो पुढच्याच ओळीत वेटमध्ये जाऊन बसतो. त्यासाठी फंक्शनला `error_if_nonfinite=True` असे सांगता येते; मग अशी लांबी दिसताच ते चूक दाखवून थांबते आणि वेट शाबूत राहतात.