साहेबांची घाई? साहेबांनाच विचारा!

फिशिंग म्हणजे ओळखीच्या माणसाचे किंवा संस्थेचे सोंग घेऊन पाठवलेले फसवे ईमेल. त्यापासून कर्मचाऱ्यांना सावध करण्यासाठी कार्यालयांत ऑक्टोबरच्या सुमारास फलक लागतात, कारण हा महिना सायबर सुरक्षा जागृतीचा म्हणून पाळला जातो. फलकावरच्या घोषवाक्याचे काम अवघड असते. ते वाचले जाते लिफ्टपाशी, निवांतपणे. आठवावे लागते मात्र संध्याकाळी सहाला, चाळीस ईमेल तुंबलेले असताना. त्या क्षणी नेमके काय करायचे हे ज्या वाक्यातून कळते, तेच वाक्य उपयोगी पडते. ‘सावध राहा, सुरक्षित राहा’ यातून ते कळत नाही.

अमेरिकेत २०१० साली सुरू झालेल्या मोहिमेचे ब्रीद होते ‘थांबा, विचार करा, मग जोडा’. भारतात ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून ‘डिजिटल अरेस्ट’च्या संदर्भात ‘रुको, सोचो, एक्शन लो’ असे सांगितले. दोन्हींत पहिला शब्द थांबण्याचा आहे आणि तो योग्यच आहे. फसवा ईमेल घाईवर जगतो: खाते आज बंद होणार, बिल आजच भरा. पण थांबून कशाचा विचार करायचा, हे सर्वांसाठीच्या घोषवाक्यात मावत नाही. ते सांगणे कार्यालयाच्या फलकाचे काम आहे.

काही घोषवाक्ये नुसती मोघम नसतात, काळाच्या ओघात ती चुकीची ठरतात. ‘आधी कुलूप पाहा’ हे त्यांपैकी एक. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारे कुलूप एवढेच सांगते की वाटेत कोणी मजकूर वाचू शकत नाही. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की लबाड, हे ते सांगत नाही. २०१५-१६ पासून हे कुलूप देणारी प्रमाणपत्रे फुकट आणि काही मिनिटांत मिळू लागली. त्याचा प्रामाणिक साइटना मोठा फायदा झाला, आणि चोरांनाही. २०१८ च्या अखेरीस जवळपास निम्म्या फसव्या साइटवर कुलूप दिसत होते. शेवटी २०२३ मध्ये क्रोम ब्राउझरने ते चिन्हच काढून टाकले. तरीही काही कार्यालयांच्या भिंतींवर जुना सल्ला टिकून आहे. तो काढलाच पाहिजे, कारण कुलूप पाहून निश्चिंत झालेला माणूस अधिक सहज फसतो. ‘शुद्धलेखनाच्या चुका शोधा’ या सल्ल्याचेही तेच झाले आहे. आता फसवे ईमेल नीटनेटक्या भाषेत येतात.

‘अनोळखी लिंकवर क्लिक करू नका’ हे सर्वांत लोकप्रिय वाक्य. पण भरती पाहणाऱ्या विभागाला अनोळखी उमेदवारांचे अर्ज उघडावेच लागतात आणि लेखा विभागाला बिले. त्यांचे कामच क्लिक करण्याचे असते. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानेही स्पष्ट लिहिले आहे की, ‘वाईट लिंकवर क्लिक करू नका’ असे सांगत राहण्याने काम होत नाही. पाळणे अशक्य असलेला नियम लोक पाहिनासे होतात. त्यामुळे लिंकवर बंदी घालण्याऐवजी ती वाचायला शिकवणे बरे. त्यासाठी ‘लिंकचा मालक शेवटी असतो’ हे वाक्य चालेल. उदाहरणार्थ:

```
https://incometax.gov.in.refund.example/login
```

घाईत पाहणाऱ्याला यात प्राप्तिकर खात्याचा पत्ता दिसतो. पण `https://` नंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत यायचे आणि तिथून मागे वाचायचे. शेवटी `refund.example` आहे. साइट त्या नावाच्या मालकाची आहे, आधीचे सगळे त्याने स्वतः जोडलेले आहे. (`.example` ही अक्षरे इथे नमुन्यापुरती, चोर प्रत्यक्षात कुठलेही नाव विकत घेतो.) बँकांच्या बाबतीत हे वाचन आता सोपे झाले आहे, कारण रिझर्व्ह बँकेने बँकांना `.bank.in` ने संपणारे पत्ते घ्यायला लावले आहेत. मोबाइलवर मात्र पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून संशय आला की ईमेल संगणकावर उघडावा.

पण सर्वांत मोठी रक्कम जाते ती लिंक नसलेल्या ईमेलमधून. लेखा विभागाला नेहमीच्या पुरवठादाराचा ईमेल येतो: ‘आमच्या जुन्या खात्याचे ऑडिट चालू आहे, या बिलाची रक्कम सोबतच्या नव्या खात्यात भरावी. दिवसभर मीटिंगमध्ये असल्याने फोन घेता येणार नाही.’ बिल क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर, पाठवणाऱ्याचा पत्ताही खरा. कारण चोराने आधी पुरवठादाराचाच पासवर्ड फिशिंगने मिळवला आहे आणि तो काही दिवस त्याचा पत्रव्यवहार वाचत बसला आहे. इथे पत्ता कितीही बारकाईने वाचला तरी उपयोग नाही.

एव्हाल्डास रिमासाउस्कास या लिथुएनियाच्या माणसाने २०१३ ते २०१५ या काळात गुगल आणि फेसबुककडून अशाच मार्गाने दहा कोटी डॉलरहून अधिक रक्कम उकळली. दोन्ही कंपन्या तैवानच्या क्वांटा कॉम्प्युटरकडून यंत्रे घेत असत. त्याने लॅटव्हियात त्याच नावाची कंपनी नोंदवली, तिच्या नावाने बँक खाती उघडली आणि खोटी बिले पाठवली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची कैद झाली. भारतात एप्रिल २०२५ पासून एनईएफटी-आरटीजीएस करताना खातेदाराचे नाव पाहण्याची सोय आली आहे आणि ती वापरायलाच हवी. पण रिमासाउस्कासच्या खात्यावर नावही बरोबरच दिसले असते.

म्हणून लेखा विभागाच्या भिंतीवर एकच वाक्य असावे: ‘खाते बदलले? आधी फोन, मग पैसे.’ खाली बारीक अक्षरांत: ‘फोन आपल्याकडच्या जुन्या नंबरावर, ईमेलमधल्या नव्हे.’ ही खालची ओळ गाळली तर वरची निरुपयोगी ठरते, कारण ईमेलमधल्या नंबरावर चोरच बोलतो.

वरिष्ठांच्या नावाने येणाऱ्या ‘ताबडतोब एवढे करा, कोणाला सांगू नका’ अशा ईमेलसाठी ‘साहेबांची घाई? साहेबांनाच विचारा’ हे वाक्य चांगले. मात्र ते साहेबांनी स्वतः बैठकीत म्हणायला हवे. विचारल्याबद्दल कनिष्ठाला एकदा जरी बोलणी बसली, तरी तो फलक मेला.

शेवटचे वाक्य चुकलेल्या माणसासाठी: ‘क्लिक झाले? लगेच ५०१.’ हा संगणक विभागाचा अंतर्गत क्रमांक. जिथे जो असेल तो छापावा. पहिल्या काही मिनिटांत कळले तर पासवर्ड बदलता येतो, उघडी सत्रे बंद करता येतात, तोच ईमेल इतरांच्या इनबॉक्समधून काढता येतो. पैसे गेले असतील तर बँक आणि १९३० ही राष्ट्रीय हेल्पलाइन यांना तत्काळ कळवल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता असते. शिवाय सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थेला असे हल्ले लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावे लागतात. शिक्षेच्या भीतीने कर्मचारी सोमवारपर्यंत गप्प बसला, तर यातले काहीच होत नाही. त्यामुळे सराव म्हणून खोटे फिशिंग ईमेल पाठवणाऱ्या कार्यालयांनी किती जण फसले यापेक्षा किती जणांनी कळवले आणि पहिला फोन किती मिनिटांत आला, हे मोजावे.