बेंझीनमधली फुगडी

रेणू कोणत्याही तराजूत मावत नाही. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांनी रेणूंची वजनं काढली, आणि त्यासाठी एक थर्मामीटर पुरेसा ठरला. शुद्ध बेंझीन सुमारे ५.५ अंश सेल्सिअसला गोठतं. त्यात काही विरघळवलं की ते आणखी खाली, जास्त थंडीत गोठतं. किती खाली, हे विरघळलेला पदार्थ कोणता आहे यावर जवळजवळ अवलंबून नसतं. त्याचे कण किती आहेत, यावर असतं. एक किलो बेंझीनमध्ये एक मोल कण असले, तर गोठणबिंदू सुमारे ५.१२ अंशांनी उतरतो. थोडक्यात, गोठणारं बेंझीन फक्त डोकी मोजतं.

डोकी कळली की वजन काढणं सोपं आहे. पदार्थ किती ग्रॅम टाकला हे आपल्याला माहीत असतं. त्याला मोलच्या संख्येनं भागलं की मोलर वस्तुमान मिळतं. ५० ग्रॅम बेंझीनमध्ये १ ग्रॅम नॅफ्थलीन, म्हणजे डांबराच्या गोळ्यांतला परिचित पदार्थ, विरघळवला तर गोठणबिंदू सुमारे ०.८० अंशानं उतरतो आणि हिशेबातून १२८ हे त्याचं खरं मोलर वस्तुमान निघतं. पद्धत चोख आहे.

आता नॅफ्थलीनच्या जागी बेंझोइक आम्ल घेऊ. लोणची-सरबतं टिकवायला वापरतात ते सोडियम बेंझोएट याच आम्लाचं मीठ. त्याच्या सूत्रावरून मोलर वस्तुमान १२२ येतं. म्हणजे १ ग्रॅम आम्लानं ५० ग्रॅम बेंझीनचा गोठणबिंदू ०.८४ अंशानं उतरायला हवा. समजा, आपल्या प्रयोगात तो ०.४४ अंशच उतरला. या आकड्यावरून हिशेब मांडला तर मोलर वस्तुमान येतं सुमारे २३३. सूत्र १२२ सांगतंय आणि थर्मामीटर त्याच्या जवळजवळ दुप्पट.

फ्रान्समध्ये फ्रान्स्वा राउल यांनी १८८०च्या दशकात बेंझीनमधल्या अनेक द्रावणांचे गोठणबिंदू मोजले, तेव्हा त्यांनाही हेच दिसलं. बहुतेक पदार्थ एका आकड्याभोवती जमत होते. आम्लांसारखे काही मात्र त्याच्या साधारण निम्म्यावर अडत होते. सगळी आम्लं एकाच दिशेनं आणि एकाच मापानं चुकत असतील, तर ती हाताची चूक नव्हे. डोकी खरोखरच निम्मी झालेली असतात.

निम्मी कशी होतात, हे समजायला फुगडी आठवा. बेंझोइक आम्लाच्या रेणूच्या एका टोकाला दोन ऑक्सिजन असतात. एकावर हायड्रोजन असतो, दुसरा कार्बनला दुहेरी बंधानं जोडलेला असतो. पहिला हात देणारा, दुसरा घेणारा. असे दोन रेणू समोरासमोर आले की याचा हायड्रोजन त्याच्या ऑक्सिजनकडे आणि त्याचा हायड्रोजन याच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. दोन हायड्रोजन बंध तयार होतात आणि आठ अणूंचं एक कडं पुरं होतं. या जोडीला डायमर म्हणतात. फुगडीतल्या मुलींप्रमाणे दोघांचे दोन्ही हात गुंतल्यामुळे तिसऱ्याला धरायला हात उरत नाही. म्हणून साखळी लांबत जात नाही, जोडीवरच थांबते. गोठणाऱ्या बेंझीनच्या लेखी ही जोडी एकच डोकं असते.

पाण्यात असं होत नाही, कारण पाण्याच्या रेणूंना स्वतःचेच हात असतात. आम्लाचा हात रिकामा दिसला की पाणी तो लगेच धरतं आणि आम्लाला दुसऱ्या आम्लाची गरज उरत नाही. बेंझीनकडे हायड्रोजन बंधासाठी देण्या-घेण्याजोगं फारसं काही नसतं. तिथं आम्लाला जोडीदार मिळतो तो आपल्या जातीचाच.

आता किती रेणू जोडीत आहेत, ते मोजू. १२२ला २३३नं भागलं तर ०.५२४ येतात. या गुणोत्तराला व्हॅन्ट हॉफ गुणक म्हणतात. त्याचा साधा अर्थ असा की, टाकलेल्या हजार रेणूंमागे बेंझीनला ५२४च कण दिसले. ४७६ कण हिशेबातून गेले. एक जोडी जमली की दोनाचा एक होतो, म्हणजे डोक्यांच्या मोजणीतून एक कमी होतं. तेव्हा जोड्या ४७६, त्यांत अडकलेले रेणू ९५२, आणि एकटे उरलेले ४८. असोसिएशनचं प्रमाण सुमारे ९५ टक्के.

हा आकडा किती नाजूक आहे, तेही पाहायला हवं. गोठणबिंदू वाचताना फक्त ०.०२ अंशाची गफलत झाली आणि उतार ०.४६ आला, तर असोसिएशन ९० टक्के निघतं, ०.४२ आला, तर जवळजवळ १००. साध्या थर्मामीटरवर हा फरक डोळ्यांना दिसतही नाही. म्हणून या कामाला एर्न्स्ट बेकमन यांचा थर्मामीटर वापरत. त्याची पट्टी जेमतेम पाच-सहा अंशांची, पण प्रत्येक अंशाचे शंभर भाग. तेवढ्यानंही भागत नाही. बेंझीनमध्ये ओलावा असला, तर पाण्याचे कण मोजणीत घुसतात, उतार वाढतो आणि वस्तुमान कमी भरतं. द्रावण गोठणबिंदूच्या फार खाली जाऊन एकदम गोठलं, तर बरंच बेंझीन स्फटिक होऊन बाहेर पडतं, उरलेलं द्रावण दाट होतं आणि चूक पुन्हा त्याच बाजूला होते. उलट वस्तुमान २४४च्या वर गेलं, तर असोसिएशन शंभर टक्क्यांहून जास्त निघेल. असं असूच शकत नाही. तेव्हा वजन, वाचन किंवा वापरलेला स्थिरांक तपासायचा. बेंझीन कर्करोगकारक असल्यामुळे हे सगळं धूर ओढणाऱ्या कपाटातच करायचं, हे वेगळं सांगायला नको.

तरीही एक शंका उरते. हे आम्ल मुळातच दुप्पट वजनाचं नसेल कशावरून? त्याचं उत्तर द्रावण पातळ करून मिळतं. आम्ल कमी-कमी घेत गेलं की मोजलेलं मोलर वस्तुमान २४४पासून दूर सरकत १२२कडे उतरू लागतं. गर्दी विरळ झाली की सुटलेल्याला नवा जोडीदार लवकर भेटत नाही. कायमचा बंध असता, तर पातळ केल्यानं तो सुटला नसता. द्रावण दाट करत नेलं, तर वस्तुमान २४४च्या जवळ जाऊन तिथंच थबकतं, म्हणजे मेळ दोघांचाच, तिघांचा नाही.

दुसरी साक्ष वाल्टर नेर्न्स्ट यांनी १८९१मध्ये दिली. हलवून शांत केलेल्या पाणी आणि बेंझीनच्या दोन थरांत आम्ल कसं वाटलं जातं, ते त्यांनी पाहिलं. बेंझीनमधलं आम्ल चौपट झालं, तर पाण्यातलं साधारण दुप्पटच होत होतं. एका बाजूला एकटे आणि दुसऱ्या बाजूला जोड्या असतील, तरच हे वर्गमूळाचं नातं जुळतं. इथं थर्मामीटरचा संबंधच नव्हता, तरी निष्कर्ष तोच निघाला.

हायड्रोजन बंधाची कल्पना लॅटिमर आणि रोडेबुश यांनी १९२०मध्ये मांडली. म्हणजे हात कसे गुंफले जातात ते कळायच्या तीसेक वर्षं आधीच, केवळ डोकी कमी भरली म्हणून, फुगडी चालली असल्याचं रसायनशास्त्राला समजलं होतं.