सकाळच्या यादीत फक्त ९० मिनिटं

नेरूळहून सीएसएमटीला रोजची लोकल. घरी परतून जेवणखाण आटोपलं की माझ्या हातात जेमतेम अडीच तास उरतात. सकाळी फोनवर येणाऱ्या यादीत मात्र १७ कामं असायची, त्यातली ११ आधीचीच राहिलेली!

आता रात्री प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहितो आणि बेरीज ९० झाली की थांबतो. उरलेला तास लोकलचा उशीर, फोन, पाहुणे यांच्यासाठी. आजचं बघा: वीजबिल १०, बँकेचा फॉर्म ३०, कपाट आवरणं ५०. झाले ९०.

बाकीची कामं उद्यावर ढकलत नाही, त्यांची तारीखच काढून टाकतो. ढकलली की उद्याची यादी पुन्हा फुगते. खरी मुदत असलेल्यांचीच तारीख ठेवायची. एखादं काम तीनदा राहिलं तर माझा अंदाज चुकलाय, म्हणून त्याचे तुकडे करतो: ‘कपाट’ऐवजी ‘वरचा कप्पा, १५ मिनिटं’.