गुण जिथे, मजकूर तिथे

पीएच.डी.चा सिनॉप्सिस लिहायचा आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे: प्रस्तावना, पूर्वसंशोधनाचा आढावा, उद्दिष्टे, पद्धत, वेळापत्रक आणि शेवटी अपेक्षित निष्कर्ष. विद्यापीठाच्या समितीपुढे तो चालतो. परदेशी फेलोशिपचा अर्ज लिहितानाही बरेच जण हाच सांगाडा पुढे ओढतात, आणि गुण तिथेच गळतात.

युरोपीय संघाची मेरी स्क्लोडोव्स्का-क्यूरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप घ्या. अटींत बसणाऱ्या कोणत्याही देशाच्या पीएच.डी.धारकाला ती खुली आहे, त्यामुळे आपल्याकडूनही अर्ज जातात. मुख्य प्रस्तावाला फक्त १० पाने मिळतात. गुणांची वाटणी आधीच जाहीर असते: एक्सलन्स, म्हणजे संशोधनाचा आणि संशोधकाचा दर्जा, याला ५० टक्के, इम्पॅक्ट, म्हणजे परिणाम, याला ३०, आणि इम्प्लिमेंटेशन, म्हणजे अंमलबजावणी, याला २०. प्रत्येक निकषाचे उपनिकष आहेत आणि नमुना अर्जातली शीर्षकेही त्याच क्रमाने येतात.

मग अडचण कुठे? शीर्षके बदलतात, परिच्छेद जुनेच राहतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गोव्याच्या खाजन शेतात खाऱ्या पाण्यातही तग धरणाऱ्या कोरगुट भातावर पीएच.डी. केलेली एक संशोधिका. तिला नेदरलँड्सच्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षे या भाताच्या मुळांभोवतालच्या जिवाणूंचा अभ्यास करायचा आहे. तिच्या जुन्या मसुद्यात ‘पद्धत’ या शीर्षकाखाली एक परिच्छेद होता: ‘यजमान प्रयोगशाळेत जनुकक्रम वाचण्याचे यंत्र आहे, मार्गदर्शकांना या कामाचा दीर्घ अनुभव आहे, मी तिथे माहितीचे विश्लेषण शिकेन आणि परतल्यावर स्वतःचा गट उभारेन.’

परिच्छेद वाईट नाही, पण त्यात चार वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकत्र कोंबली आहेत. मार्गदर्शकांचा अनुभव आणि शिकणे या दोन गोष्टी एक्सलन्समधल्या ‘देखरेख, प्रशिक्षण आणि ज्ञानाची दुतर्फा देवाणघेवाण’ या उपनिकषात मोडतात. यंत्र जाते अंमलबजावणीत, यजमान संस्थेच्या क्षमतेखाली. स्वतःचा गट उभारणे हा परिणामांतल्या करिअरविषयक उपनिकषाचा भाग. म्हणजे हा परिच्छेद उचलून दुसरीकडे ठेवून भागत नाही, तो फोडावा लागतो. फोडल्यावर पोकळीही दिसते. देवाणघेवाण दुतर्फा हवी, पण ती यजमानांना काय देणार हे मसुद्यात कुठेच नव्हते. खारफुटीकाठच्या बांधांची, मानशींची आणि देशी वाणाची जाण तिच्याकडे आहे. ती तिथे लिहायलाच हवी.

हा खटाटोप का, ते परीक्षकाच्या टेबलावरून पाहिले की कळते. प्रत्येक प्रस्ताव किमान तीन तज्ज्ञ वाचतात, आधी स्वतंत्रपणे आणि मग एकत्र बसून. त्यांच्यासमोर निकषवार तक्ता असतो आणि प्रत्येक निकषाला ० ते ५ गुण देताना कारणेही लिहावी लागतात. करिअरबद्दलचे वाक्य पद्धतीच्या पोटात दडले असेल, तर इम्पॅक्टच्या रकान्यात ‘पुरेसा तपशील नाही’ असा शेरा पडू शकतो. यात परीक्षकाचा आळस नसतो. ढीगभर अर्ज वाचणाऱ्याने आपले उत्तर शोधत बसावे ही अपेक्षाच चुकीची.

आता हिशेब. तिला अनुक्रमे ४.६, ३.८ आणि ४.२ मिळाले, तर भारांकानुसार ४६, २२.८ आणि १६.८ होतात, एकूण ८५.६. फक्त इम्पॅक्ट ३.८ वरून ४.६ वर गेला, तर एकूण ९०.४. कागदावर पात्रता ७० टक्क्यांची असली, तरी निवड यादी बऱ्याचदा नव्वदीच्या आसपास किंवा त्याहून वर थांबते. तिथे हा फरक जीवघेणा ठरतो.

फेरमांडणीने नव्या चुकाही शिरतात. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ म्हणावे आणि ते खाली गेलेले असावे. संक्षेप आधी यावा आणि त्याचा अर्थ दोन पानांनंतर. पद्धतीत कामाचे तीन टप्पे आणि वेळापत्रकात चार. यावर एक साधी तपासणी आहे. विषयाबाहेरच्या सहकाऱ्याला एकेक उपनिकष आणि फक्त त्याच शीर्षकाखालचा मजकूर द्या आणि उत्तर असलेल्या वाक्याखाली रेघ मारायला सांगा. रेघ मारता आली नाही, की ते वाक्य दुसऱ्या पानावर तरी आहे किंवा फक्त तुमच्या डोक्यात.

मूळ प्रश्नच सामान्य असेल, तर क्रम बदलून तो असामान्य होत नाही, हेही खरे. म्हणून फेरमांडणी करताना निदान पहिल्या अर्ध्या पानात तरी संशोधनाचा प्रश्न सलग, अखंड सांगावा. तिथे तुकडे पाडू नयेत.

अर्जाची मुदत साधारणपणे सप्टेंबरात संपते. ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी गुण मिळाले, तर पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेबरोबर पुन्हा अर्ज करता येत नाही. तेव्हा हे फोडण्या-जोडण्याचे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका.