विसार कधी परत मिळतो, कधी बुडतो

लातूरच्या एका आडत व्यापाऱ्याने शेजारच्या तालुक्यातल्या तेलगिरणीशी सौदा केला, असं समजू. माल २०० क्विंटल सोयाबीन, भाव क्विंटलला ४,५०० रुपये, ओलावा १२ टक्क्यांच्या आत, दहा दिवसांत गिरणीत पोच. गिरणीवाल्याने एक लाख रुपये विसार दिला आणि पावती घेतली. पुढे माल आला नाही. आता त्याने वकिलाला विचारायचा प्रश्न एकच असतो: माझे लाख रुपये परत मिळतील का, आणि वर नुकसानभरपाई किती?

या प्रश्नाला एकच उत्तर नाही. माल का आला नाही आणि मुळात सौदा कोणत्या जातीचा होता, यावर ते ठरतं. १८७२ चा भारतीय करार कायदा सौद्यांच्या तब्येती वेगवेगळ्या धरतो. काही सौदे पक्के असतात आणि मोडले तर मोडणारा भरपाई देतो. काही सौदे फसवल्या गेलेल्या माणसाच्या मर्जीवर उभे किंवा आडवे होतात. काही जन्मतःच रद्दबातल असतात, आणि काही रद्दबातल तर असतातच, शिवाय बेकायदेशीरही. वाणिज्य शाखेची मुलं परीक्षेत हे चार गठ्ठे पाठ करतात, पण प्रश्न सोडवताना चुकतात, कारण ‘रद्द’ म्हटलं की सगळं सारखंच वाटतं. फरक कळतो तो पैसे मागायला गेल्यावर.

आधी सर्वात साधी परिस्थिती घेऊ. सौदा पक्का होता, व्यापाऱ्याला माल मिळत होता, पण भाव चढला म्हणून त्याने तो दुसऱ्याला विकला. हा सरळ करारभंग आहे. पोच द्यायच्या दिवशी बाजारात सोयाबीन ४,९०० रुपये होतं. फरक क्विंटलला ४०० रुपये, म्हणजे २०० क्विंटलला ८०,०००. भरपाई ८०,००० आणि विसाराचे एक लाख परत, असा गिरणीचा एक लाख ऐंशी हजारांचा दावा उभा राहतो. कायद्याच्या कलम ७३ चा गाभा हाच आहे: करार पाळला असता तर माणूस जिथे असता, पैशाने शक्य तेवढं त्याला तिथे नेऊन ठेवायचं.

पण मालक म्हणतो, ‘माल नसल्यामुळे गिरणी चार दिवस बंद होती, तो तोटा कोण देणार?’ इथे कायदा हात आखडता घेतो. करार करतानाच व्यापाऱ्याला माहीत असेल की गिरणीत दुसरा साठा नाही आणि हा माल चुकला तर घाणा थांबेल, तरच तो तोटा त्याच्या माथी येतो. ही कसोटी १८५४ सालच्या इंग्लंडमधल्या ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ खटल्यातून आली. तिथेही गिरणीच होती. तिचा मोडलेला दांडा ग्रीनिचला पोचवायला वाहतूकदाराने उशीर केला, पण त्या दांड्यावर अख्खी गिरणी अडकली आहे हे त्याला पुरेसं कळलं नव्हतं, म्हणून बंद काळातला नफा त्याच्याकडून मिळाला नाही. व्यवहारातला धडा असा की सौद्याच्या कागदावर एक वाक्य लिहून ठेवायचं: माल अमुक तारखेला न आल्यास गिरणी बंद पडेल, हे विक्रेत्याला सांगितले आहे.

दुसरी अडचण बाजारभाव सिद्ध करण्याची. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास’ या खटल्यात एका खरेदीदाराला रिकाम्या हाताने परत पाठवलं. त्याने कानपूरचं कॅनव्हास कापड घेतलं होतं आणि माल कानपूरलाच रेल्वेच्या ताब्यात द्यायचा होता. भंग सिद्ध झाला. पण खरेदीदाराने कलकत्त्याचा भाव मांडला, कानपूरचा त्या दिवसाचा भाव मांडलाच नाही, म्हणून भरपाई मिळाली नाही. आपल्या गिरणीवाल्याने म्हणूनच पोच द्यायच्या दिवशीचा, त्या ठिकाणचा बाजार समितीचा भावाचा उतारा लगेच काढून ठेवावा. आणि त्याच सुमारास बाजारातून माल घ्यावा. महिनाभर थांबून भाव ५,३०० झाल्यावर त्याचा फरक मागितला, तर न्यायालय विचारेल की हा वाढीव तोटा तू स्वतःच का होऊ दिलास.

सौद्यात आणखी एक ओळ असते: ‘माल न दिल्यास तीन लाख रुपये दंड.’ बऱ्याच व्यापाऱ्यांना वाटतं, सही झाली म्हणजे तीन लाख द्यावेच लागणार. कलम ७४ तसं म्हणत नाही. तीन लाख ही कमाल मर्यादा आहे. तिच्या आत जी भरपाई वाजवी, तीच मिळते. नुकसान मोजता येत असेल तर ते मोजून दाखवावं लागतं. मोजणं अवघड असेल तर आधी ठरवलेला प्रामाणिक अंदाज न्यायालय मानू शकतं. दिलेल्या रकमा जप्त करायच्या म्हटल्या तरी हाच विचार चालतो. २०१५ चा ‘कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण’ हा निकाल वाचण्यासारखा आहे. १९८२ च्या लिलावात ३ कोटी १२ लाखांची बोली, त्यापोटी ७८ लाख भरलेले. प्राधिकरणाने ती रक्कम जप्त केली आणि पुढे तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला. सर्वोच्च न्यायालयाने आधी सांगितलं की खरेदीदाराकडून भंगच झालेला नाही. आणि शिवाय जप्तीसाठी काही नुकसान तर झालेलं असायला हवं. ७८ लाख परत करावे लागले.

आता सौद्यात थोडा बदल करू. व्यापाऱ्याने गोदामातला एक ठरावीक ढीग दाखवला आणि ओलाव्याची खोटी तपासणी पावती पुढे केली. पावतीवर १० टक्के, प्रत्यक्षात १८. पावती खोटी आहे हे त्याला माहीत होतं. ही फसवणूक झाली, आणि अशा कराराला कायदा व्हॉइडेबल म्हणतो, म्हणजे फसलेल्याच्या इच्छेने रद्द होण्याजोगा. तोवर सौदा जिवंतच असतो. गिरणीवाला तो मोडून विसार आणि नुकसान मागू शकतो, किंवा सौदा कायम ठेवून ‘सांगितल्याप्रमाणे माल दे, नाहीतर त्या फरकाची भरपाई दे’ असंही म्हणू शकतो. मोडायचा असेल तर मिळालेला माल परत करावा लागतो. आणि ओलावा कळल्यावरही त्याने माल घाण्यात टाकला, तर मोडण्याचा हक्क गेला. उरली फक्त भरपाई.

या गटात वेळेला जी किंमत आहे, तिचा सर्वात मोठा फटका नाशिक, सांगलीकडच्या द्राक्षशेतकऱ्याला बसू शकतो. खोटी ओळख सांगून, न वटणारा चेक देऊन कुणी बागेतला माल भरून नेला आणि दोन दिवसांत तो दुसऱ्या शहरातल्या व्यापाऱ्याला विकला. त्या दुसऱ्या व्यापाऱ्याने काहीही माहीत नसताना, चांगल्या हेतूने पैसे मोजून माल घेतला असेल, आणि तोपर्यंत शेतकऱ्याने सौदा रद्द केलेला नसेल, तर माल त्याचाच. मालविक्री कायद्याचं कलम २९ त्याला संरक्षण देतं. शेतकऱ्याकडे उरतो तो फक्त त्या फसव्या माणसावरचा दावा, आणि तो माणूस बहुतेक वेळा सापडत नाही. म्हणून चेक परत आला की त्याच दिवशी लेखी रद्द केल्याची नोटीस आणि पोलिसांत तक्रार, दोन्ही करावं. नुसते फोन करत बसलं की पुढच्या हातातला माल सुटतो.

रद्दबातल सौद्यात असा पर्याय कुणालाच नसतो. समजा सौदा अमुक गोदामातल्याच त्या २०० क्विंटलचा होता, आणि सही होण्याच्या आदल्या रात्री ते गोदाम जळालं. दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. जो माल नव्हताच त्याचा करार झाला नाही. भंगाची भरपाई नाही, कारण मोडायला काही नव्हतंच. पण कलम ६५ प्रमाणे विसार परत करावाच लागतो. इथे एक बारीक फरक आहे, जो विद्यार्थ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी डोक्यात ठेवावा: सौदा ‘कुठलंही २०० क्विंटल सोयाबीन’ असा असेल, तर व्यापाऱ्याचं गोदाम जळालं तरी त्याने बाजारातून आणून द्यायचं. आग त्याला वाचवत नाही.

विक्रेता सतरा वर्षांचा निघाला तर? १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने ‘मोहोरी बिबी विरुद्ध धर्मोदास घोष’ या खटल्यात सांगितलं की अल्पवयीनाचा करार मुळातच रद्दबातल. सावकाराच्या माणसाला त्या मुलाचं वय माहीत असूनही गहाणखत करून घेतलं होतं. दिलेले पैसे त्याला परत मिळाले नाहीत. आजचा विशिष्ट अनुतोष कायदा न्यायालयाला थोडी मोकळीक देतो: मुलाला खरोखर जेवढा फायदा झाला, तेवढा परत करायला सांगता येतं. तरीही विसार हाती येईलच अशी खात्री नसते.

बेकायदेशीर सौद्यात मात्र दार जवळजवळ बंदच असतं. गिरणीवाल्याला माहीत होतं की हे धान्य सरकारी गोदामातून चोरून आणलेलं आहे, तरी स्वस्त म्हणून त्याने विसार दिला. माल आला नाही. न्यायालय त्याचा दावा ऐकून त्याच्या बाजूने उभं राहणार नाही, लाख रुपये त्या व्यापाऱ्याच्याच खिशात राहिले तरी. दोघे सारखेच दोषी असतील तर ज्याच्या हातात पैसे, त्याचं बरं चालतं. ज्याच्यावर फसवणुकीने वा दबावाने हा सौदा लादला गेला, किंवा बेकायदा हेतू अमलात येण्याआधीच जो मागे फिरला, त्याला न्यायालय क्वचित वाट करून देतं. शिवाय हा डाग पसरतो: चोरीचा माल घेण्यासाठीच, हे जाणून कुणी कर्ज दिलं असेल, तर तेही वसूल होत नाही.

पैजेच्या बाबतीत हाच फरक महत्त्वाचा ठरतो. दोघांनाही माल द्यायचा-घ्यायचा नाही, ठरल्या दिवशीच्या भावाचा फरक तेवढा द्यायचा, असा सोयाबीनचा ‘सौदा’ कलम ३० प्रमाणे पैज म्हणून रद्दबातल. पण देशाच्या सर्वसाधारण कायद्यात तो बेकायदेशीर नाही. १९५९ च्या ‘घेरूलाल पारख विरुद्ध महादेवदास मैया’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की अशा पैजेच्या व्यवहारासाठी केलेली भागीदारी त्याच कारणाने बेकायदा ठरत नाही, म्हणून एका भागीदाराने भरलेला तोटा दुसऱ्याकडून वसूल होऊ शकतो. हापूरच्या गव्हाच्या त्या सौद्यांचा हा निकाल देशभर शिकवला जातो. जुन्या मुंबई प्रांताची गोष्ट मात्र वेगळी होती. तिथे १८६५ पासून पैजांसाठी वेगळा कायदा होता, आणि त्याने पैजेबरोबर तिच्या आधाराने किंवा मदतीसाठी केलेले करारही रद्दबातल ठरवले. पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या विद्यार्थ्याने घेरूलालचा निकाल जसाच्या तसा उत्तरात उतरवण्यापूर्वी, आणि मित्राच्या सट्ट्याचा तोटा भरून बसलेल्या भागीदाराने कोर्टाची पायरी चढण्यापूर्वी, तो व्यवहार कुठे झाला आणि तिथे कोणता पैजकायदा लागतो, हे आधी वकिलाकडून तपासून घ्यावं.